घड्याळाविना व्यायामाची तीव्रता: बोलण्याची कसोटी आणि श्रमाचा अंक यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एका शाळेच्या मैदानावर सकाळी चालणाऱ्या-पळणाऱ्या आमच्या गटात नवे सभासद येतात, तेव्हा बहुतेकांच्या मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ नसते. ज्यांच्याकडे ते असते, त्यांनाही त्यातल्या आकड्याचे काय करायचे हे ठाऊक नसते. त्यांनी वेळोवेळी पाठवलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आलेले असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घड्याळ नसताना आपला व्यायाम हलका आहे, मध्यम आहे की जोरकस, हे कसे ओळखावे?

चालता चालता सलग दोन-तीन वाक्ये मोठ्याने बोलून पाहावीत आणि नंतर एखाद्या गाण्याची ओळ म्हणून पाहावी. गाणे आरामात म्हणता आले तर व्यायाम हलका आहे. पूर्ण वाक्ये बोलता येतात, पण गाण्याची ओळ मध्येच तुटते, अशी अवस्था असेल तर तो मध्यम आहे. तीन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावे लागत असेल तर तो जोरकस आहे. यालाच बोलण्याची कसोटी किंवा टॉक टेस्ट म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. या वाक्यातील ‘मध्यम’ या शब्दाचा अर्थ ठोक्यांच्या आकड्याशिवाय लावायचा असेल, तर वरची कसोटी त्यासाठी पुरेशी आहे.

२. केवळ बोलण्यावरून शरीराच्या आत काय चालले आहे, हे कसे काय कळते?

बोलणे हे श्वास सोडतानाचे काम आहे. आपण पटकन श्वास आत घेतो आणि सावकाश बाहेर सोडत त्यावर शब्द बसवतो. याचाच अर्थ, बोलताना श्वासाचा वेग आपल्याला मुद्दाम कमी ठेवावा लागतो. व्यायाम हलका असतो तोपर्यंत शरीर ही तडजोड सहज चालवून घेते.

चालण्याचा वेग वाढवत नेला की एका टप्प्यानंतर स्नायूंमध्ये लॅक्टेट साठू लागते. त्यासोबत वाढणारी आम्लता शमवण्याचे काम रक्तातील बायकार्बोनेट करते आणि त्या प्रक्रियेत जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकण्यासाठी श्वास एकाएकी, केलेल्या कामाच्या मानाने जास्तच वाढतो. या टप्प्याला श्वसनाचा पहिला उंबरठा म्हणता येईल. उंबरठ्याच्या अलीकडे बोलण्यासाठी श्वास रोखून धरला तरी चालते. पलीकडे गेल्यावर मात्र तेवढ्या वेळातही कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदू ‘आधी श्वास घे’ असा आदेश देतो. वाक्य मध्येच तुटते ते या आदेशामुळे.

एक साधा हिशेब करून पाहा. मिनिटाला ३० श्वास चालू असतील तर एका श्वासाच्या वाट्याला दोन सेकंद येतात, आणि त्यातला साधारण एक सेकंद श्वास सोडण्याचा असतो. एका सेकंदात किती मराठी शब्द बसतील? तीन, फार तर चार. जोरकस व्यायामात तीन-चार शब्दच निघतात, ते असे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस येथील प्रयोगशाळेत कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कसोटीची श्वसनाच्या मोजमापांशी तुलना केली. ‘बोलता येते, पण आता तितकेसे आरामात नाही’ असे उत्तर ज्या टप्प्यावर येते, तो टप्पा या उंबरठ्याच्या आसपास असतो, असे त्यात दिसून आले.

३. चालताना नेमके बोलायचे काय? गप्पा मारल्या तर चालतील का?

गप्पांमध्ये एक अडचण आहे. आपण नकळत वाक्ये छोटी करतो, ‘हो’, ‘बरोबर’, ‘मग काय’ असे म्हणत वेळ मारून नेतो आणि कसोटी पार पडल्यासारखे वाटते. म्हणून दर वेळी तोच, पाठ असलेला आणि अर्धा मिनिट चालणारा मजकूर वापरावा. अमेरिकेतील प्रयोगांत त्यासाठी तिकडच्या शाळेतील राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा वापरली गेली. आपल्याकडे शाळेत रोज म्हटलेली ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा या कामाला अगदी नेमकी बसते.

तिची रचनाच सोयीची आहे. पहिली तीन वाक्ये छोटी आहेत, ती कोणालाही जमतात. चौथे वाक्य आहे: ‘माझ्या देशातल्या समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे.’ खरी परीक्षा या वाक्याची. ते एका श्वासात, आवाज न घसरता पूर्ण झाले तर आपण उंबरठ्याच्या अलीकडे आहोत. ‘विविधतेने’ या शब्दापाशी चोरून एक श्वास घ्यावा लागला तर आपण उंबरठ्यावर आहोत. ‘समृद्ध आणि’ एवढ्यावरच थांबावे लागले तर तो केव्हाच ओलांडलेला आहे. मैदानावर मोठ्याने प्रतिज्ञा म्हणण्याचा पहिल्या दिवशी संकोच वाटतो. शेजारून पळणाराही तेच म्हणत असला की तो जातो. मनातल्या मनात म्हणून मात्र उपयोग नाही, कारण त्याला श्वास लागतच नाही.

४. श्रमाला अंक द्या म्हणतात. कुठे ६ ते २० असे मोजतात, कुठे ० ते १०. यातले कोणते खरे?

दोन्ही खरे आहेत. फक्त त्यांची सरमिसळ करू नये. व्यायाम किती जड वाटतो हे अंकात सांगणारी ६ ते २० ही मोजपट्टी गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तयार केली. तिची सुरुवात ६ पासून का, हा प्रश्न हमखास येतो. निरोगी तरुण माणसाने दिलेल्या अंकाला दहाने गुणले की अंदाजे त्याचे मिनिटाचे ठोके यावेत, अशी त्यामागची कल्पना होती. विश्रांतीचे ६० ठोके म्हणजे ६. या पट्टीवर ११ म्हणजे हलके, १३ म्हणजे थोडे जड, १५ म्हणजे जड आणि १७ म्हणजे फार जड. मध्यम व्यायाम साधारण १२ ते १४ च्या दरम्यान येतो.

० ते १० ची गोष्ट अधिक गोंधळाची आहे, कारण या नावाने दोन वेगळ्या पट्ट्या फिरतात. बोर्ग यांनीच नंतर तयार केलेल्या पट्टीवर ३ म्हणजे मध्यम आणि ५ म्हणजे जड. सार्वजनिक आरोग्याच्या पत्रकांत जी सोपी पट्टी असते, तिच्यावर बसून राहणे म्हणजे ०, जीव तोडून केलेला प्रयत्न म्हणजे १०, मध्यम व्यायाम ५ ते ६ आणि जोरकस व्यायाम ७ ते ८. त्यामुळे एकाचा ‘५’ हा दुसऱ्याच्या ‘५’ पेक्षा बराच जड असू शकतो. प्रशिक्षकाने किंवा एखाद्या ॲपने अंक सांगितला, तर तो कोणत्या पट्टीवरचा आहे हे आधी विचारावे. येथून पुढे सर्व उत्तरांत मी सोपी, आरोग्यपत्रकातली पट्टी वापरली आहे.

अंक देताना फक्त पायांचा किंवा फक्त श्वासाचा विचार न करता सगळ्या शरीराला मिळून किती पडते आहे, ते पाहायचे असते. तो अंक चालू क्षणाचा असावा. कालच्यापेक्षा किती किंवा शेजाऱ्यापेक्षा किती, हा हिशेब त्यात येऊ देऊ नये.

५. मला माझा नेमका वेग शोधायचा आहे. घरच्या घरी चाचणी कशी करावी?

त्यासाठी ४०० मीटरचे मैदान किंवा अंतर माहीत असलेला सपाट रस्ता आणि साधे सेकंदकाटा असलेले घड्याळ, एवढेच लागते. दहा मिनिटे सावकाश चालून अंग गरम करावे. मग दर फेरीला वेग थोडा वाढवावा आणि प्रत्येक फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात प्रतिज्ञा म्हणावी. ती म्हणून झाली की स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आरामात बोलता आले का? याची उत्तरे तीनच. ‘हो’, ‘हो, पण…’ आणि ‘नाही’. ‘नाही’ आले की चाचणी संपली.

आमच्या गटातल्या ४६ वर्षांच्या एका बँक कर्मचाऱ्याची वही समोर आहे, तिच्यातली नोंद सांगतो. पहिली फेरी ४ मिनिटे ३० सेकंदांची. उत्तर ‘हो’, अंक ३. दुसरी ४ मिनिटांची, म्हणजे ताशी ६ किलोमीटर. उत्तर ‘हो’, अंक ४. तिसरी ३ मिनिटे ४० सेकंदांची, अगदी झपाझप चालून. चौथे वाक्य एका श्वासात झाले, उत्तर ‘हो’, अंक ५. चौथ्या फेरीला चालणे सोडून संथ पळावे लागले. ३ मिनिटे १५ सेकंद, ‘विविधतेने’पाशी श्वास तुटला, उत्तर ‘हो, पण…’, अंक ६. पाचवी २ मिनिटे ५५ सेकंदांची. ‘सारे भारतीय’नंतरच थांबावे लागले, उत्तर ‘नाही’, अंक ८.

यातून तीन गोष्टी हाती आल्या. शेवटचा निखळ ‘हो’ ३ मिनिटे ४० सेकंदांच्या फेरीला आला, म्हणजे मध्यम व्यायामाची वरची कड तेथे आहे. उंबरठा ३ मिनिटे १५ सेकंदांच्या आसपास आहे. आणि हे गृहस्थ आदल्या महिनाभर ‘आरामशीर जॉगिंग’ म्हणून जे करत होते, ते त्यांच्यासाठी आरामशीर नव्हते. प्रत्येक दिवस त्यांनी उंबरठ्यावर किंवा त्याच्या पलीकडे काढला होता. रोज दुपारी गळून गेल्यासारखे का वाटते, असे ते विचारत असत. पुढचे दोन महिने त्यांनी बहुतेक दिवस केवळ झपाझप चालून काढले आणि मग पुन्हा चाचणी घेतली. तेव्हा ३ मिनिटे १५ सेकंदांच्या फेरीलाही निखळ ‘हो’ आला.

चाचणी दर सहा ते आठ आठवड्यांनी, शक्यतो त्याच मैदानावर, त्याच वेळी आणि रिकाम्या किंवा सारख्याच भरलेल्या पोटी करावी. आदल्या रात्री झोप झाली नसेल, सर्दी-ताप असेल तर ती पुढे ढकलावी.

६. चाचणीत जो वेग आरामात जमला, तोच अर्ध्या तासाने जड वाटू लागतो. चाचणी चुकली का?

नाही. चाचणीतला प्रत्येक टप्पा तीन-चार मिनिटांचा असतो आणि तेवढ्यात शरीर पुरते स्थिरावलेले नसते. तोच वेग तीस-चाळीस मिनिटे धरला तर अंग तापते, घामावाटे पाणी जाते, ठोके हळूहळू चढतात आणि श्रमाचा अंक एखाद-दोनने वर सरकतो. म्हणून रोजच्या लांब व्यायामासाठी शेवटच्या निखळ ‘हो’च्याही एक टप्पा खालचा वेग घ्यावा. वरच्या उदाहरणात तो ४ मिनिटांच्या फेरीचा येतो. चाळीस मिनिटांनी पुन्हा प्रतिज्ञा म्हणून पाहावी. तेव्हाही चौथे वाक्य एका श्वासात झाले, तर निवड बरोबर आहे.

७. सगळीकडे ‘झोन २’ची चर्चा आहे. बोलण्याच्या कसोटीत तो कुठे बसतो?

घड्याळे ठोक्यांवरून व्यायामाच्या तीव्रतेचे बहुधा पाच टप्पे, म्हणजेच झोन, दाखवतात आणि त्यांत झोन २ म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडचा, निखळ ‘हो’ देणारा भाग. प्रयोगशाळेत मात्र अनेकदा तीनच झोन करतात. तेथे दुसरा झोन पहिल्या उंबरठ्याच्या पलीकडे सुरू होतो आणि तो बराच कष्टाचा असतो. नाव एक आणि अर्थ दोन, असा हा घोळ आहे. बोलण्याची कसोटी वापरणाऱ्याला त्यात पडण्याचे कारण नाही: पूर्ण वाक्ये बोलता येणारा, श्रमाचा अंक ४ ते ५ असणारा व्यायाम हाच चर्चेतला झोन २.

घड्याळातला झोन बहुतेक वेळा २२० मधून वय वजा करून काढलेला असतो, हेही लक्षात असू द्यावे. पन्नाशीच्या माणसासाठी हे सूत्र १७० ठोके सांगते. परंतु याच वयाच्या दोन निरोगी माणसांचे खरे कमाल ठोके १५८ आणि १८२ असू शकतात, आणि त्यातही काही नवल नाही. पायाच चुकला तर त्यावर उभे केलेले पाचही झोन चुकतात. बोलण्याची कसोटी हा अंदाज घेतच नाही. ती तुमचा स्वतःचा उंबरठा शोधते.

८. माझी मैत्रीण संपूर्ण फेरीभर बोलत असते. मला दम लागतो, पण तिच्यासोबत जमते आहे. मग माझा व्यायाम मध्यमच ना?

बोलते ती, कसोटी तिची झाली. तुम्ही ऐकत होता आणि ऐकायला श्वास लागत नाही. पुढच्या फेरीला तुम्ही एखादी लांबलचक हकिगत सांगायला घ्या, म्हणजे कळेल. गटात चालणाऱ्यांची ही सर्वांत नेहमीची चूक आहे: वेग ठरवतो तो सर्वांत तंदुरुस्त माणूस आणि बाकीचे मान डोलावत उंबरठ्याच्या पलीकडे चालत राहतात. आमच्याकडे यावर उपाय म्हणून प्रतिज्ञा म्हणण्याची पाळी नेहमी मागे राहणाऱ्यावर येते, आणि त्याचे वाक्य तुटले तर सगळ्यांनी वेग कमी करायचा असतो.

९. टेकडी किंवा पायऱ्या चढताना काय करावे? तेथे तर लगेच दम लागतो.

चढावर वेगाचा हिशेब सोडून द्यावा आणि श्रमाचा अंक धरावा. पर्वतीसारख्या शंभरएक पायऱ्यांच्या चढणीवर एक गंमत हमखास दिसते. पहिल्या तीस पायऱ्या माणूस भराभर चढतो, बोलतोही, आणि वरच्या टप्प्यावर पोचताच कठड्याला धरून उभा राहतो. याचे कारण असे की श्वास श्रमाच्या मागून येतो. पायांनी काम वाढवल्यानंतर श्वसन पूर्णपणे वाढायला एक-दोन मिनिटे लागतात. म्हणजे तिसाव्या पायरीवर घेतलेली बोलण्याची कसोटी जुन्या, सपाटीवरच्या श्रमाचे उत्तर देत असते. म्हणून चढण सुरू होताच, दम लागण्याची वाट न पाहता, पहिल्या दहा पायऱ्यांतच वेग उतरवावा. इतका, की तो मूर्खपणाचा वाटावा. बोलून पाहायचे असेल तर दोन मिनिटांची सलग चढण झाल्यावर पाहावे.

उतारावर उलट होते. श्वास अगदी मोकळा असतो, गाणेही म्हणता येते. परंतु मांड्यांचे स्नायू ताणले जात असताना भार पेलत असतात आणि गुडघ्यांवरही ताण येतो. बोलण्याची कसोटी हृदय आणि फुप्फुसांविषयी बोलते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या काय म्हणतील, हे तिला सांगता येत नाही.

१०. एक मिनिट जोरात आणि दोन मिनिटे हळू, असा व्यायाम करतो. त्यात ही कसोटी कशी लावावी?

जोराच्या मिनिटात लावूच नये. प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे श्वास मागाहून येतो, त्यामुळे मिनिटभराच्या तुकड्यात सुरुवातीला खोटा ‘हो’ मिळतो आणि विश्रांतीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात खोटा ‘नाही’. तेथे अंकावर भिस्त ठेवावी: पहिला जोराचा तुकडा ७ वर संपावा, शेवटचा ८ वर. पहिलाच ९ वर गेला तर पुढचे तुकडे कोसळणार, हे निश्चित समजावे.

कसोटीचा उपयोग मात्र विश्रांतीच्या शेवटी होतो. पुढचा तुकडा सुरू करण्यापूर्वी चौथे वाक्य एका श्वासात म्हणता आले पाहिजे. येत नसेल तर विश्रांती आणखी अर्धे मिनिट वाढवावी; तीन वेळा वाढवावी लागली तर त्या दिवसापुरता तो व्यायाम झाला असे मानून चालत घरी जावे.

११. उन्हाळ्यात किंवा मुंबई-कोकणच्या दमट हवेत तोच वेग जड जातो. वेग धरावा की अंक?

अंक. उष्म्यात त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि अंग थंड होत नाही. ज्या वेगाला पुण्यात जानेवारीत ५ हा अंक होता, त्याच वेगाला ठाण्यात मे महिन्यात ७ येऊ शकतो, आणि त्या दिवसापुरता तो ७ खरा असतो. वेग कमी करून ५ वर यावे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. उष्म्याचा ताण श्वासात बरेचदा उशिरा उमटतो. वाक्ये नीट बोलता येत असतात आणि अंक मात्र चढत असतो. अशा वेळी बोलण्यावर विसंबून राहू नये. दोघांपैकी जो जास्त श्रम सांगेल, त्याचे ऐकावे. मळमळ, डोके दुखणे, अंगावर काटा येणे किंवा बोलण्यात असंबद्धपणा येणे ही लक्षणे दिसली तर तीव्रतेचा प्रश्नच उरत नाही. सावलीत जावे, अंग ओले करावे, वारा घ्यावा. आणि बोलणे असंबद्ध झाले असेल तर रुग्णालय गाठावे.

१२. सायकल आणि पोहणे यांना हेच नियम लागू होतात का?

सायकलवर लागू होतात, पण नवख्यांचे पाय श्वासाच्या आधी भरून येतात. बोलणे व्यवस्थित चालू असताना मांड्यांत आग होत असेल, तर बहुधा गिअर फार जड लावलेला आहे. तो हलका करून पायडल जास्त वेळा फिरवावे. पायांचा अंक उतरतो आणि श्वास व पाय एकमेकांशी जुळतात. रहदारीत मोठ्याने प्रतिज्ञा म्हणण्याऐवजी रस्त्याकडे लक्ष द्यावे, हे सांगायला नको.

पोहताना बोलता येत नाही, म्हणून तेथे अंकच वापरावा. भिंतीशी पोचल्यावर लगेच एक वाक्य बोलून पाहता येते. ते लगेच जमले तर मागची फेरी मध्यम किंवा त्याहून हलकी होती असे धरावे.

१३. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेतो. मला हे चालेल का?

तुमच्यासारख्यांना तर ठोक्यांपेक्षा हेच अधिक उपयोगाचे आहे. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी औषधे ठोके दाबून ठेवतात; पूर्ण दम लागला तरी घड्याळ ११० दाखवू शकते. सूत्राप्रमाणे १३० गाठायचे म्हणून जो जोर लावेल, तो भलत्याच तीव्रतेला पोचेल. श्वासाचा उंबरठा आणि श्रमाची जाणीव मात्र औषध चालू असतानाही तुमच्या त्या वेळच्या क्षमतेप्रमाणेच बोलतात. औषधाची मात्रा बदलली तर प्रश्न ५ मधली चाचणी पुन्हा करावी.

अँजिओप्लास्टी, बायपास किंवा हृदयविकाराचा झटका झालेला असेल तर गोष्ट वेगळी. तेथे वरची मर्यादा स्ट्रेस टेस्टच्या आधारे डॉक्टरांनी ठरवायची असते आणि बोलण्याची कसोटी तिच्या आत राहण्यासाठी वापरायची असते. मधुमेह बरीच वर्षे असलेल्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण मज्जातंतूंवर परिणाम झालेला असेल तर ठोक्यांचा प्रतिसाद मंदावतो आणि छातीतले दुखणेही नीट जाणवत नाही.

१४. दमा असेल किंवा गरोदरपण असेल तर?

दम्यात वाक्य तुटण्याची कारणे दोन असू शकतात: श्रम वाढले किंवा श्वासनलिका आवळल्या. फरक ओळखण्याची खूण अशी: श्रमाने लागलेला दम वेग कमी केल्यावर दोन-तीन मिनिटांत उतरतो. श्वासनलिका आवळल्या असतील तर थांबल्यावरही तो उतरत नाही, कधी कधी थांबल्यानंतरच वाढतो, आणि सोबत खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. असे होत असेल तर डॉक्टरांनी दिलेला पंप वापरावा आणि त्या दिवशीचा व्यायाम संपवावा.

गरोदरपणात विश्रांतीचे ठोके मुळातच वाढलेले असतात, त्यामुळे ठोक्यांवर आधारलेले झोन लागू पडत नाहीत. डॉक्टरही बहुधा बोलण्याचीच कसोटी सुचवतात. पूर्ण वाक्ये बोलता येतील एवढाच वेग ठेवावा. महिने भरत जातील तसा तोच अंक कमी वेगाला येऊ लागेल, ते अपेक्षितच आहे. व्यायाम करू नये अशा काही अवस्थाही असतात, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

१५. बोलणे एक सांगते आणि अंक दुसरेच. कोणाचे ऐकावे?

बोलता येते पण अंक ७ किंवा ८ वाटतो, असे असेल तर कारण श्वासाबाहेर शोधावे: उष्मा (प्रश्न ११), पाय भरून येणे (प्रश्न १२), अपुरी झोप, येऊ घातलेला ताप. त्या दिवशी अंकाचे ऐकून व्यायाम हलका करावा.

अंक ४ सांगावासा वाटतो पण वाक्य तुटते, हा प्रकार नवख्यांमध्ये आणि जुन्या खेळाडूंमध्ये सारखाच आढळतो. नवख्याला अंक द्यायची सवय नसते. जुन्या खेळाडूला वीस वर्षांपूर्वीचे शरीर आठवत असते. कानात जोशपूर्ण संगीत असले तरी अंक कमी वाटतो. अशा वेळी श्वासाचे ऐकावे. आठ-दहा दिवस प्रत्येक व्यायामाच्या मध्यावर आधी अंक मनात ठरवून मग प्रतिज्ञा म्हणावी आणि दोन्ही वहीत लिहावीत. अंक आपोआप श्वासाशी जुळू लागतो. त्यानंतर रोज प्रतिज्ञा म्हणण्याची गरज उरत नाही.

१६. कोणत्या लक्षणांना दम समजू नये?

छातीत दाब किंवा जळजळ, जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हाताकडे जाणारे दुखणे, गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, ठोके अनियमित पडल्याची जाणीव. यांपैकी काहीही झाले तर लगेच थांबावे, मग प्रतिज्ञा संपूर्ण म्हणता येत असली तरीही. थांबून काही मिनिटांत लक्षण गेले नाही तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ते गेले, तरी पुढचा व्यायाम डॉक्टरांना दाखवल्यानंतरच करावा.